नाशिकची द्राक्षं: माझा लॉगर म्हणतो ७, गाडीचा डिस्प्ले म्हणतो २. खरं कोणाचं?

फळवालो_म्हापसा
मंडळी, थोडं लांबलचक आहे पण वाचा आणि डोकं चालवा. मी म्हापशातून हॉटेलांना फळं पुरवतो. कार्निव्हलच्या आठवड्यात नाशिकहून द्राक्षं मागवली, १४ फुटी रीफर म्हणजे माल गार ठेवणारी बंद गाडी, त्यात अर्धी गाडी माझी, म्हणजे पार्ट लोड. सेट पॉइंट २ डिग्री ठरलेला. यावेळी पहिल्यांदाच तापमानाची नोंद ठेवणारा एक यूएसबीचा लॉगर घेतला आणि नाशिकच्या माणसाला पाठवून दिला, त्याने दरवाज्याकडच्या शेवटच्या रांगेत वरच्या बॉक्सच्या बाहेर टेपने चिकटवला, दर १० मिनिटांनी रीडिंग.

गाडी आली, लॉगर लॅपटॉपला लावला, पीडीएफ निघाली. सुरुवात ६.८ पासून, रात्रभर हळूहळू उतरत ३.४ पर्यंत आली. मध्ये दोनतीन छोटे उंचवटे आहेत पण ते परत खाली येतात. आणि मग पहाटे अडीचला एकदम उडी, ११ च्या वर, खाली आली ती ५ वर, आणि तिथून हळूहळू चढत ७.२. मग पुन्हा एक उडी १२ पर्यंत आणि त्यानंतर उतरत शेवटी ५.६.

ट्रान्सपोर्टरला पाठवलं तर तो गाडीच्या कूलिंग युनिटची प्रिंट पाठवतो, दर अर्ध्या तासाची. तिथे अडीच वाजता २.२, तीन वाजता २.३, साडेतीनला २.२. म्हणतो तुमचा लॉगर चायना माल, फेकून द्या. माल दिसायला ठीक आहे पण काही घडांचे देठ मला जरा सुकल्यासारखे वाटतात. क्लेम करू का गप बसू?

नानू_साखळी
डीफ्रॉस्ट आहे तो. माझा चुलतभाऊ रीफर चालवायचा. दर चारसहा तासांनी कॉइलवरचा बर्फ वितळवायला युनिट स्वतः गरम होतं, तेव्हा उडी दिसणारच. आणि दरवाज्याकडे लॉगर लावलात म्हणजे तिथे नेहमी दोनतीन डिग्री जास्तच येणार. नॉर्मल आहे, विसरा.

फोंड्याचा_दूधवाला
टँकर कुठल्या कंपनीचा आहे? आमच्या दुधाच्या टँकरला कूलिंगच नसतं, नुसतं इन्सुलेशन. चिलिंग सेंटरवर ४ डिग्रीला भरायचं आणि पोचेपर्यंत एकदोन डिग्री वर गेलं तर चालतं. ७ म्हणजे मात्र जास्त, तुम्ही भरतानाच गरम भरलं असणार. वर आणि खाली दोन्हीकडचं तापमान घ्या, आणि घ्यायच्या आधी ढवळा.

फळवालो_म्हापसा
द्राक्षं ढवळू कशी भाऊ 😄

फोंड्याचा_दूधवाला
द्राक्षं होय, मी नुसतं टायटल आणि आकडे बघितले. पण भरतानाच गरम होतं ते मी मागे घेत नाही. ६.८ ला सुरुवात केली म्हणता ना तुम्हीच.

रीफरमामा
दूधवाल्याचं शेवटचं वाक्य खरं आहे, त्याच्यापासूनच सुरू करतो. रीफरची गाडी माल थंड करायला नसते, थंड माल थंड ठेवायला असते. द्राक्ष पॅकहाऊसला प्रीकूलिंगच्या खोलीत गार करूनच चढवायचं. तुमचा ग्राफ ६.८ ला सुरू होऊन ३.४ ला यायला सगळी रात्र लागली याचा अर्थ आतला माल कोमट चढला आणि युनिट रात्रभर त्याच्याशी झगडत बसलं. हवा पटकन गार होते, पेटीच्या पोटातला घड होत नाही. हा पहिला घोटाळा नाशिकचा, ट्रान्सपोर्टरचा नव्हे.

आता नानूचं. डीफ्रॉस्टबद्दल तो बरोबर आहे पण चुकीच्या उडीबद्दल. डीफ्रॉस्ट ओळखायची खूण अशी की उंचवटा लहान असतो, वीसेक मिनिटांत संपतो आणि रेघ जिथून सुटली तिथेच परत येते. रात्री जे छोटे उंचवटे म्हणता ते डीफ्रॉस्ट. अडीचची उडी ३.४ वरून सुटली आणि परतली ५ वर, आणि वर परत चढायला लागली. डीफ्रॉस्टनंतर कॉइल मोकळी होते, रेघ उलट खाली जायला हवी. तेव्हा काहीतरी बदललं आणि ते बदललेलंच राहिलं.

तीन गोष्टी सांगा. प्रिंटवर लिहिलेला आकडा कुठल्या सेन्सरचा आहे? माल छतापर्यंत रचला होता का, फोटो आहे का? आणि लॉगरची फाइल जशीच्या तशी इथे टाका, उडीच्या आजूबाजूची.

उगाच_एक
मामा आले म्हणजे आता धागा पन्नासवर जाणार.

फळवालो_म्हापसा
प्रिंटवर `RET` लिहिलंय. फोटोत वरती साधारण वीतभर जागा दिसते, छताला लागलेला नाही. फाइल ही घ्या:

```
02:20   3.4
02:30   6.9
02:40  10.8
02:50  11.2
03:00   6.0
03:10   5.1
```

रीफरमामा
रिटर्न एअर म्हणजे माल फिरून परत युनिटकडे येणारी हवा. सेन्सर पुढे, ड्रायव्हरच्या केबिनकडच्या भिंतीत. युनिट गार हवा छताखालून मागे फेकतं, ती दरवाज्यापर्यंत जाऊन खालून परत यायची असते. पण मध्येच वाट मिळाली की हवा आळशी, अर्ध्यातून वळते आणि युनिटला वाटतं सगळीकडे २ आहे. तेव्हा डिस्प्ले २ आणि मागे ७ हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. कोणी खोटं बोलतंय असं लगेच धरू नका.

तरी लॉगर तपासून घ्या, म्हणजे तो मुद्दा संपेल. बर्फ बारीक कुटा, थर्मासमध्ये भरा, बर्फाच्या फटी भरतील इतकंच पाणी घाला. लॉगर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट गुंडाळा, मध्यभागी खुपसा आणि अर्धा तास ठेवा. बर्फ पाण्यावर तरंगायला लागला तर पाणी जास्त झालं, काढून टाका. चांगला लॉगर शून्याच्या अर्धा डिग्री इकडेतिकडे दाखवेल.

नानू_साखळी
मग मामा, ड्रायव्हरने डिझेल वाचवायला युनिट बंद केलं असणार. आंबोलीत चहाला थांबतात तेव्हा करतात, मी स्वतः बघितलंय. पहाटे अडीचला कोण बघतंय.

रीफरमामा
करतात, खरं आहे. पण त्याचा ग्राफ वेगळा दिसतो. युनिट बंद झालं की उडी येत नाही, रेघ गुपचूप वाकून वर जाते, बंद डब्यात सावकाश तापत जाते तशी. इथे वीस मिनिटांत साडेसात डिग्री चढली आणि त्यानंतर दहा मिनिटांत पाच उतरली. एवढी घाई फक्त हवेला असते. बाहेरची हवा आत आली, म्हणजे दरवाजा उघडला. आणि पहाटे अडीचला फेब्रुवारीत घाटमाथ्यावर बाहेरच थंडी असते, दहा मिनिटांत ७ करायला बाहेर चांगलंच ऊन लागेल. हे मला पटत नाही. गाडी किती वाजता सुटली? आणि तुम्ही लॉगर किती वाजता बंद केला?

फळवालो_म्हापसा
नाशिकहून रात्री आठला सुटली. इथे पावणेबाराला आली, मी सव्वाबाराला, नाही, बारा दहाला लॉगर काढला, फोनमधल्या फोटोवर वेळ आहे. ग्राफ मात्र ६.४० लाच संपतो, मला वाटलं मेमरी भरली.

रीफरमामा
आणि सुरू किती वाजता होतो?

फळवालो_म्हापसा
दुपारी २.३०. मला वाटलं नाशिकच्या माणसाने पॅकहाऊसमध्येच चालू केला असणार लवकर.

रीफरमामा
पीडीएफच्या डोक्यावर बारीक अक्षरात बघा, टाइम झोनचं काही लिहिलंय का.

फळवालो_म्हापसा
`UTC+00:00`
अरे देवा.

उगाच_एक
म्हणजे लॉगर लंडनचं घड्याळ लावून फिरत होता 🤣

रीफरमामा
साडेपाच तास मिळवा. २.३० अधिक साडेपाच म्हणजे रात्रीचे आठ, गाडी सुटली ती वेळ. ६.४० अधिक साडेपाच म्हणजे बारा दहा, तुम्ही लॉगर काढलात ती. लॉगर चुकला नव्हता, आपण सगळे चुकीच्या वेळेला बघत होतो आणि ट्रान्सपोर्टरसुद्धा चुकीच्या ओळींकडे बोट दाखवत होता. तुमची "पहाटे अडीचची" उडी सकाळी आठची आहे. दुसरी उडी ४.२० ची, म्हणजे नऊ पन्नासची. आता प्रिंटमधल्या सकाळी आठपासूनच्या ओळी वाचा.

फळवालो_म्हापसा
८.०० – २.४
८.३० – ४.४
९.०० – २.७
९.३० – २.८
१०.०० – ४.१
१०.३० – २.९

मामा हे तर जुळतंय! दोन्ही वेळेला युनिटलाही कळलंय.

रीफरमामा
कळणारच. म्हणजे दरवाजा आठच्या सुमारास उघडला, पाऊण नाही पण वीसपंचवीस मिनिटं तरी उघडा राहिला, आणि परत नऊ पन्नासला उघडला. युनिट सगळा वेळ चालू होतं, त्यामुळे नानूचा डिझेलचा मुद्दा गेला. आता खरा प्रश्न मधल्या पावणेदोन तासांचा. दरवाजा नुसता उघडून बंद केला असता तर पेट्या गारच होत्या, रेघ अर्ध्या तासात ३.५ च्या आसपास आली असती. ती ५ वर थबकली आणि चढत गेली, ७.२ पर्यंत, आणि पुढचा रिटर्न सेन्सर मात्र २.७, २.८ वरच. म्हणजे दरवाज्याकडे, तुमच्या लॉगरजवळ, काहीतरी गरम येऊन बसलं होतं आणि त्याने मागची हवाही अडवली होती. नऊ पन्नासला ते उतरलं आणि त्यानंतर रेघ परत खाली जायला लागली. आठ वाजता गाडी कुठे असेल?

फळवालो_म्हापसा
रात्री आठला नाशिक, पुणे, कोल्हापूर, संकेश्वर... आठला गडहिंग्लजच्या आसपास. आणि नऊ पन्नासला सावंतवाडी.

उगाच_एक
वांगी. मिरची. गवार. गडहिंग्लजला चढवायची, सावंतवाडीच्या बाजारात उतरवायची. रोख पैसे ड्रायव्हरच्या खिशात. ह्याला आमच्याकडे साइड बिझनेस म्हणतात.

फळवालो_म्हापसा
ड्रायव्हरला फोन केला. आधी नाही म्हणाला, मग म्हणाला "पाचसहा क्रेट होते साहेब, ओळखीच्या माणसाचे." ट्रान्सपोर्टर म्हणतो पार्ट लोड आहे, वाटेत माल चढवायचा आम्हाला हक्क आहे. आता ते ऑफिसला माहीत होतं की नव्हतं ते देव जाणे.

सिस्टर_डिचोली
मी लसींच्या बाजूची, मध्ये बोलू का? आमच्याकडे गाडीत दुसरा माल घालणं हा प्रश्नच येत नाही, पण हे वाचून एक विचारायचं होतं. आम्हाला शिकवतात २ ते ८. तुमचा ग्राफ ७.२ ला थांबला, आमच्या हिशोबाने तर पास झाला की!

नानू_साखळी
सिस्टर, तुमच्याकडे ८ च्या वर एकदा गेलं की सगळी बॅच फेकावी लागते ना? मग ते कडक झालं.

सिस्टर_डिचोली
नाही हो, असं नसतं. ८ च्या वर गेलं की ते डोस बाजूला काढून ठेवायचे, खूण करायची, वापरायचे नाहीत, आणि कोल्ड चेनवाल्यांना किती वेळ, किती डिग्री ते कळवायचं. निर्णय ते घेतात. कुपीवर व्हीव्हीएमचा चौकोन असतो, तो उष्णता साठवत साठवत काळवंडतो, एका क्षणाचं नाही तर एकूण किती ऊब लागली ते तो सांगतो. आम्हाला जास्त भीती २ च्या खाली जायची. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी एकदा गोठली की बाद, आणि ते व्हीव्हीएम सांगत नाही. गोठल्याचा संशय आला तर शेक टेस्ट करतो, एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची आणि संशयाच्या कुपीबरोबर हलवून, दोन्ही शेजारी ठेवून गाळ कसा बसतो ते बघायचं. म्हणून बॉक्समध्ये फ्रीझरमधून काढलेला बर्फाचा पॅक तसाच घालत नाही, हलवला की आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवतो. नवी मुलं घाईत हेच विसरतात.

रीफरमामा
सिस्टर, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. आकडा एकच, ७.२, पण तो काय बिघडवतो ते मालावर ठरतं. तुमच्या त्या लसींना ७.२ चालेल, उणे एक चालणार नाही. द्राक्षाचं जवळजवळ उलट, त्याला शून्याच्या आसपास बरं वाटतं, साखर असल्यामुळे शून्यालाही गोठत नाही. त्याला ७ ला दोन तास ठेवलं म्हणून ते सडत नाही, पण देठ सुकायची आणि बुरशी धरायची गती वाढते. पुढच्या आठवड्यात विकायचं द्राक्ष चारपाच दिवसांतच विकावं लागेल असं काहीतरी. तेही सगळ्या मालाचं नाही, मागच्या रांगांचं. आणि लॉगर बॉक्सच्या बाहेर होता हे विसरू नका. तो हवा मोजतो. आत घडाच्या मण्याचं तापमान पावणेदोन तासांत ७.२ ला पोचलंच नसणार, माझा अंदाज पाच, साडेपाच. माल उतरवताना कोणी मण्यात सुई खुपसून बघितलं?

फळवालो_म्हापसा
नाही बघितलं. सुईवाला थर्मामीटर आमच्याकडे आहे, चिकनवाल्या हॉटेलने मागितला म्हणून घेतला होता, कपाटात पडून आहे 🙈

रीफरमामा
पुढच्या वेळी दरवाजा उघडताक्षणी मागच्या, मधल्या आणि पुढच्या रांगेतल्या एकेका पेटीत खुपसा आणि लिहून ठेवा. क्लेममध्ये तेच चालतं, नुसता हवेचा ग्राफ घेऊन गेलात तर समोरचा म्हणेल मालाला काही झालं नाही आणि तो खोटं बोलत नसेल.

अजून एक. देठ सुकले म्हणता तेवढंच आहे का? मण्यांवर देठाजवळ पांढरट डाग आहेत का?

फळवालो_म्हापसा
आहेत! थोड्या पेट्यांत. मला वाटलं औषधाचे.

रीफरमामा
पेटीत तो कागदी पॅड असतो ना, सल्फर डायऑक्साइड सोडणारा, बुरशीला आवरायला. पॅड ओला झाला की गॅस एकदम जास्त सोडतो आणि मणी देठाकडून पांढरे पडतात. आणि ओला कशाने होतो? गार पेटीवर दमट हवा आली की पाणी सुटतं. सकाळी आठला वीस मिनिटं, नऊ पन्नासला सावंतवाडीच्या कोकणातल्या हवेत परत, आणि मग म्हापशाला बाराला तुम्ही अर्धा तास दरवाजा उघडा ठेवून गप्पा मारत उतरवलं असणार.

फळवालो_म्हापसा
पाऊण तास. हमाल जेवायला गेले होते.

उगाच_एक
🤐

रीफरमामा
तर डागांचा दोष वाटून घ्या. कुठला ओलावा कुठे लागला हे मला इथून सांगता येणार नाही आणि कोणालाच सांगता येणार नाही.

फळवालो_म्हापसा
बर्फाची टेस्ट केली. चाळीस मिनिटं, ०.४ वर थांबला. म्हणजे लॉगर ठीक. ट्रान्सपोर्टरला तीनही गोष्टी पाठवल्या, बर्फाचा फोटो, वेळ दुरुस्त केलेला ग्राफ आणि त्याच्याच प्रिंटच्या ८.३० आणि १०.०० च्या ओळी. दोन दिवस उत्तर नाही. मग म्हणाला भाड्यात थोडं कमी करतो, लिहून मात्र काही देणार नाही. नाशिकवाला म्हणतो माल प्रीकूल केला होता, ६.८ हे लॉगर खोलीतून गाडीत लावताना हाताची ऊब होती.

रीफरमामा
हाताची ऊब वीस मिनिटांत जाते, त्याला रात्र लागत नाही. पण प्रीकूल "केला होता" आणि पुरता झाला होता यात फरक असतो. त्याला सुईचं रीडिंग फोटोसकट मागा, चढवताना.

फळवालो_म्हापसा
पुढच्या खेपेला असं करतोय, चुकत असेल तर सांगा. लॉगर दोन, एक बाहेर हवेत, दुसरा मधल्या रांगेतल्या पेटीत घडांच्या मध्ये. दोन्हीला `UTC+05:30` आधीच लावून. आणि दरवाज्याला नंबरवालं प्लॅस्टिकचं सील, नंबर बिलावर.

नानू_साखळी
सील चालणार नाही. चेकपोस्टवर फोडायला लावतात, मग ड्रायव्हर म्हणेल पोलिसांनी फोडलं. भाऊ सांगायचा, ते दोन सील जास्तीचे घेऊनच निघतात.

रीफरमामा
त्यात नानूचं खरं आहे. पण फोडलं कुठे ते लॉगर सांगेल. पत्रादेवीला उडी असेल तर चेकपोस्ट, गडहिंग्लजला असेल तर वांगी.

फोंड्याचा_दूधवाला
मामा, आमच्या चिलिंग सेंटरच्या यंत्राचं घड्याळ वीज गेली की बारा वाजता अडकतं आणि कोणीतरी अंदाजाने परत लावतं. त्याची नोंद कशी धरायची?

रीफरमामा
त्याचा वेगळा धागा काढा, ते मोठं प्रकरण आहे.